चमचाभर विरजण



रोज दूध विरजताना आपण कालच्या दह्यातला चमचाभर घालतो आणि विसरून जातो. दही चांगलं लागलं तर दुधाचं कौतुक, बिघडलं तर हवेला दोष. त्या चमच्याकडे कोणी बघत नाही. मीही चाळीस वर्षं हाताच्या सवयीनं दही लावत आले. पण या मे महिन्यात नातीला शिकवायची वेळ आली तेव्हा सवय शब्दांत सांगावी लागली, आणि आठवीतली मुलगी "असंच असतं" या उत्तरावर गप्प बसत नाही.

शिकायची गरजही तिलाच होती. मागच्या चातुर्मासात ती आठ दिवस आमच्याकडे सांगलीला होती. तेव्हा माताजींसमोर तिनं स्वतःहून नियम घेतला, बाजारचं दही खायचं नाही, घरी लावलेलंच खायचं. कोणी सांगितलं नव्हतं. पण राहते बेंगळुरूला. लेक-जावई दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि त्यांच्या घरी दही डब्यातूनच येतं. नियम मोडायचा नाही म्हणून पोरीनं सहा महिने दहीच सोडलं. दहीभातावर वाढलेली मुलगी! लेक फोनवर म्हणाली, "आई, मला जमणार नाही गं रोजचं. तूच काहीतरी कर." मी म्हटलं, सुट्टीत पाठव तिला, तीच करेल.

पहिल्या संध्याकाळी अर्धा लिटर म्हशीचं दूध घेतलं. आमच्याकडे गवळी समोर काढून देतो, ते लगेच गाळून तापवायचं. दूध नुसतं उतू येईपर्यंत नाही, उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाचेक मिनिटं ठेवायचं. नातीनं विचारलं, आपण तर ते पुन्हा कोमटच करणार, मग इतकं का तापवायचं? दोन कारणं सांगितली. दुधात आधीपासून असलेले नको ते जिवाणू उकळीनं मरतात, म्हणजे विरजणाला मैदान मोकळं मिळतं. आणि चांगल्या तापलेल्या दुधातली प्रथिनं अशी बदलतात की दही घट्ट लागतं, पाणी कमी सोडतं. थोडं पाणी आटतं तो फायदा वेगळाच.

मग दूध निवायला ठेवलं आणि तिथंच तिचा धीर सुटला. आमच्याकडे अनथऊ असतो, सूर्यास्ताच्या आत जेवण आणि त्याआधी स्वयंपाकघरातली कामं उरकायची. दूध निवेना आणि घड्याळ पुढं सरकत होतं. मी देवळात आरतीला गेले तेवढ्यात तिनं वाफ येत असलेल्या दुधात विरजण घालून झाकण ठेवलं.

सकाळी भांड्यात दही नव्हतं. वर पिवळसर पाणी आणि खाली दाणेदार चोथा, तोही अर्धवट. रडवेलं तोंड करून म्हणाली, "विरजण खराब होतं का?" विरजण उत्तम होतं बाळा, तू ते भाजलंस. दह्यातले हे जिवाणू उबेत वाढतात, साधारण चाळीस अंशाच्या आसपास. पन्नासच्या पुढं ते मलूल होतात आणि साठपर्यंत बहुतेक मरतात. वाफाळत्या दुधात पडलेल्यांपैकी थोडे वाचले, त्यांनी उरलेल्या रात्रीत जमेल तेवढं काम केलं, त्याचा हा चोथा. मग तिला करंगळीची खूण दिली. हात स्वच्छ धुऊन करंगळी दुधात बुडवायची आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत सुखानं मोजता आलं आणि दूध तरीही बोटाला ऊन लागलं, तर ती वेळ विरजणाची. पाचवर बोट काढावंसं वाटलं तर थांब. बोटाला काहीच जाणवलं नाही तर दूध पुन्हा थोडं तापव. घाई असेल तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. थर्मामीटर घेऊ का म्हणाली, मी म्हटलं घे की, पण वीज आणि सेल नसताना बोट उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी ऊब बरोबर साधली. पण आदल्या दिवसाची धास्ती होती म्हणून बाईंनी दोन मोठे चमचे विरजण घातलं. जास्त घातलं की लवकर आणि हमखास लागेल, हा समज आपल्यातही पुष्कळ जणींचा आहे. दही लागलं, पण सकाळी सातलाच आंबट आणि कडेनं पाणी सुटलेलं. तेव्हा माझी कॉमर्सची डिग्री बऱ्याच वर्षांनी उपयोगाला आली. वही काढून तिला हिशेब मांडून दाखवला.

अर्धा लिटर म्हणजे लहान चमच्यानं शंभर चमचे दूध. त्यात एक चमचा दही घातलं, म्हणजे सुरुवातीला दह्यातल्या दाटीच्या शंभरावा भाग जिवाणू आहेत. चांगल्या उबेत ते साधारण तासाभरात दुप्पट होतात असं ढोबळ धरू. एकाचे दोन, दोनाचे चार, मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. सात वेळा दुप्पट झालं की शंभराचा आकडा ओलांडला, म्हणजे सगळं दूध कालच्या दह्याइतकं दाट वस्तीचं झालं. चक्रवाढ व्याजच ते. आता एकाऐवजी दोन चमचे घातलेस तर किती वाचलं? फक्त एक दुप्पट, म्हणजे फार तर तासभर. चार घातलेस तर दोन तास. भांडवल चौपट आणि फायदा दोन तासांचा, असा धंदा कोणी करेल का? शिवाय जास्त विरजणाबरोबर कालचा आंबटपणाही दुधात जातो आणि दही लागून गेल्यावरही जिवाणू काम थांबवत नाहीत. सातला लागलेलं दही नऊपर्यंत तसंच उबेत राहिलं तर आंबट होणारच. उन्हाळ्यात तर मी अर्धाच लहान चमचा घालते, थंडीत एक भरून. त्याच्या पुढं जात नाही.

तो हिशेब तिला इतका आवडला की वहीतलं पान फाडून घेतलं.

आता त्या चमच्याबद्दल, ज्यासाठी हा लेख लिहायला बसले. आपण "जुनं दही" म्हणतो, पण विरजण जुनं असून चालत नाही. दही आंबट होत जातं तसतसे त्याच आंबटपणानं त्यातले जिवाणू अशक्त होतात. तीन दिवसांच्या आंबट दह्याचा चमचा घातला तर काम करणारे कमी आणि आंबटपणा जास्त, असं दुधात पडतं. ते सुरुवात उशिरा करतात, तेवढ्या वेळात दुसरंच काही वाढायला वाव मिळतो. ज्या घरी रोज दही आंबट लागतं त्यांनी दूध बदलण्याआधी आपलं विरजण कधीचं आहे ते बघावं.

आमच्या सासूबाईंची पद्धत अशी होती, आणि ती मी मोडली नाही. दही सकाळी लागलं की कोणाच्या पानात वाढायच्या आधी विरजणाचा चमचा बाजूला काढायचा. वरची साय थोडी सरकवून मधलं घट्ट दही घ्यायचं, साय नको आणि कडेचं पाणी नको. चमचा कोरडा. लहान झाकणाच्या वाटीत घालून फ्रीजमध्ये, त्या काळी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ. संध्याकाळी तेच घालायचं. भांड्याच्या तळाशी उरलेल्या खरवडीतून विरजण काढायचं नाही, कारण त्यात दिवसभराचे दहा चमचे बुडलेले असतात.

त्या हे मर्यादेसाठी करायच्या. आमच्या दिगंबर घरात दह्याची मर्यादा आठ प्रहरांची, विरजण घातल्यापासून चोवीस तास. काल संध्याकाळी सहाला लावलं तर आज सहाला संपलं. श्वेतांबर मैत्रिणींकडे दोन रात्रींचा हिशेब असतो, तो त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावा. तर सहाच्या ठोक्याला विरजण काढायला गेलं आणि पाच मिनिटं उशीर झाला की झालं. सकाळीच काढून ठेवलं आणि पावणेसहाला दुधात घातलं की प्रश्न उरत नाही. नातीनं लगेच पकडलं, "आजी, फ्रीजमध्ये ठेवलं तर मर्यादा वाढते का?" आमच्या वडीलधाऱ्यांनी वाढते असं कधी म्हटलं नाही. फ्रीजनं आंबट व्हायचं थांबतं, घड्याळ थांबत नाही. महाराजांच्या आहाराला तर कालच्या दह्याचा चमचाही आमच्याकडे चालत नाही, कारण साखळी मागं मागं जातच राहते. चौक्यातलं दही वेगळं, त्याची विरजणाची पद्धत वेगळी. ती तिला आत्ताच शिकवली नाही. तिचा नियम घरच्या दह्याचा आहे, तेवढं आधी नीट होऊ दे.

तिसऱ्या दिवशी तिनं सगळं एकटीनं केलं. आधी विरजण वाटीत दोन चमचे कोमट दूध घालून मोडून घेतलं, मग ते भांड्यात ओतून एकदाच ढवळलं. गोळा तसाच टाकला तर एका ठिकाणी बसतो आणि दही कुठं घट्ट, कुठं पातळ लागतं. स्टीलच्या डब्याला झाकण लावून भिंतीच्या कोनाड्यात ठेवलं, जिथं पंख्याचा वारा नाही आणि कोणाचा धक्का नाही. दर तासाला उघडून बघायची तिची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. दूध जोडत असताना हलवलं की जोडलेलं तुटतं आणि तुटल्या जागी पाणी साठतं. सकाळी तिनं डबा तिरका करून बघितला, दही कडेपासून सुटून एकजीव हललं. चमचा घातला तर खळगा तसाच राहिला. तोंडात घातलं आणि डोळे मिटून म्हणाली, "गोड आहे गं." सहा महिन्यांनी दही खात होती पोर.

त्याच दुपारी ती विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "आजी, तूच वहीत मांडलंस, एकाचे एकशे अठ्ठावीस. ते सगळे जीवच ना? मग आपण दही कसं खातो?"

हा प्रश्न येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्याही घरी येईल. मी तिला सांगितलं की पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे, दही त्याशिवाय लागत नाही आणि ते लपवायचं काही कारण नाही. आपल्याकडे आचार्यांनी दह्याला मर्यादा घातली. त्या मर्यादेतलं दही खाण्यायोग्य मानलं, त्यापुढचं अभक्ष्य. ती मर्यादा मी पाळते. पण दही हे सहा रसांतलं एक आहे आणि रसत्यागात पुष्कळ जण ते सोडतातही. तुझी पणजी दशलक्षणाचे दहा दिवस दही, दूध काहीच घेत नसे, आणि उरलेल्या वर्षात इतकं छान दही लावायची की शेजारणी विरजण मागायला यायच्या.

"म्हणजे मी खाऊ की नको?"

"ते मी सांगणार नाही. पुढच्या खेपेला माताजींना तू स्वतः विचार. तोपर्यंत घेतलेला नियम पाळ."

तिचं समाधान झालं असं म्हणणार नाही. पण संध्याकाळी न सांगता दूध तापवायला ठेवलं.

खरी अडचण निघायच्या वेळी आली. रात्रीची गाडी, सकाळी बेंगळुरू, मग घर, मग संध्याकाळ. इथलं विरजण तिकडच्या दुधात पडेपर्यंत मर्यादा उलटून जाणार, आणि मे महिन्याच्या प्रवासात ते आंबून ढवळून निघणार ते वेगळंच. लेक म्हणाली, इतकं काय, एक दिवस चालेल. नात म्हणाली, नाही चालणार. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी डब्यातून वाळलेल्या लाल मिरच्या काढल्या आणि पंधरा-वीस देठ खुडून कागदात बांधून दिले.

हे जुन्या बायकांना माहीत आहे, नव्या मुलींसाठी सांगते. मिरचीच्या देठावर दूध आंबवणारे जिवाणू मुळातच असतात. वाटीभर दूध करंगळीच्या खुणेइतकं ऊन घ्यायचं, त्यात सात-आठ देठ पुरते बुडवायचे, झाकून उबेत दहा-बारा तास ठेवायचं. मिरची नको, देठच, नाहीतर तिखट होतं. सकाळी जे मिळतं ते पातळ, थोडं विचित्र वासाचं, कधी नुसतंच दाट झालेलं दूध. ते खायचं नाही. देठ काढून टाकायचे आणि त्यातला एक चमचा नव्या दुधात घालायचा. दुसऱ्या फेरीला दही लागतं, तिसऱ्या फेरीला आपल्या रोजच्यासारखं होतं. देठांवर नको ते जिवाणूही असू शकतात, म्हणून वाटीतल्या दुधाला कुजका वास आला, रंग बदलला किंवा बुडबुडे दिसले तर विरजणासाठी घ्यायचं नाही. नवे देठ घेऊन पुन्हा सुरुवात.

पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोटो आला, बरं लागलं होतं. पण जूनच्या अखेरीस रडका फोन आला. पाऊस, गार हवा, सकाळी सातला दही नाही, नऊलाही नाही, आणि जे आहे ते चमच्यानं उचललं तर तार सुटते. चव फारशी वाईट नाही, पण बुळबुळीत. मी विचारलं, रात्री डबा कुठं ठेवलास? खिडकीच्या कट्ट्यावर.

तिला पुन्हा वहीतलं ते पान काढायला लावलं. आमच्याकडे मे महिन्यात रात्रभर हवाच ऊबदार, दूध निवतच नाही, म्हणून सात तासांचा हिशेब जमतो. बेंगळुरूच्या पावसाळी रात्री दूध दोन तासांत गार. दुप्पट व्हायला तासाऐवजी दोन लागले तर सातचे चौदा होतात, सकाळी सातला कसं लागेल? आणि गार दुधात एरवी मागं पडणारे दुसरे जिवाणू पुढं येतात, त्यांच्यातले काही चिकट पदार्थ तयार करतात, ती तार. ते एकदा विरजणात शिरले की रोज पुढच्या दह्यात जातात. तेव्हा तो चमचा सोडून द्यायचा, डबा आणि वाटी उकळत्या पाण्यानं धुवायची, आणि पुन्हा देठांपासून सुरुवात.

ऊब टिकवायची युक्ती तिनंच शोधली. मी तांदळाच्या डब्यात भांडं खुपसायला सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे तांदूळ दोन किलोच असतो. तिनं डबा जावईबापूंच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या झाकणाच्या पातेल्यात ठेवला, शेजारी गरम पाण्याची बाटली. पाणी गार होईपर्यंत दह्याला चार तासांची ऊब मिळते, आणि पहिले चार तासच महत्त्वाचे. आता आठला दही लागतं. शाळेची बस पावणेआठला येते, म्हणून सकाळचा चमचा लेकच काढून ठेवते, साय सरकवून, मधलं. काढून झालं की नातीला मेसेज टाकते.

कालच तिचा फोन आला होता. दिवाळीत चार दिवस घर बंद राहणार, तर विरजणाचं काय करायचं? काही नाही करायचं, म्हटलं. आहे ते निघायच्या दिवशी संपवा. आल्यावर मिरच्यांचा डबा उघड.

"देठ संपलेत आजी. आईनं मिरची पूड आणली."

आज दुपारी पाकीट पोस्टात टाकलंय.